स्पाइक: पहिलं पाऊल उशिरा का टाकायचं

संध्याकाळी मैदानावर नवीन मुलांना व्हॉलीबॉलमधला स्पाइक शिकवायला लागलं की पहिल्या दहा मिनिटांत एक दृश्य हमखास दिसतं. सेटर चेंडू वर टाकतो. चेंडू त्याच्या हातातून सुटायचा अवकाश, मुलगा नेटकडे धावत सुटतो. नेटपाशी पोचतो आणि उभा राहतो. मान वर करून चेंडूची वाट बघतो, मग जागच्या जागी उडी मारतो आणि डोक्याच्या मागे गेलेल्या चेंडूला कसाबसा हात लावतो. चेंडू एकतर नेटमध्ये, नाहीतर थेट मागच्या भिंतीवर. आणि तो म्हणतो, "सर, माझी उडीच कमी पडते."

उडी कमी पडत नसते. तो लवकर निघालेला असतो. स्पाइक, ज्याला आपल्याकडे मैदानावर सर्रास स्मॅश म्हणतात, त्यात नवशिक्याच्या बहुतेक चुका मला याच एका घाईतून निघालेल्या दिसतात. म्हणून पावलं आणि हात समजावून सांगताना मी पुन्हा पुन्हा वेळेकडेच येणार आहे. खाली जे लिहितोय ते उजव्या हाताने मारणाऱ्यासाठी, नेटच्या डाव्या बाजूने, उंच सेटवर मारायच्या स्पाइकबद्दल आहे. डावखुऱ्यांनी पाय आणि हात उलटे वाचावेत.

आधी पावलं. तीन पावलांचा क्रम डावा, उजवा, डावा. नुसता क्रम कुणीही पाठ करतो, पण ही तीन पावलं एकसारखी नसतात आणि गोम तिथेच आहे. पहिलं डावं पाऊल छोटं आणि संथ असतं, साधं चालताना टाकतो तसं. ते फक्त दिशा ठरवतं. दुसरं उजवं पाऊल सगळ्यात लांब आणि सगळ्यात वेगवान. जमिनीलगत, झेप घेतल्यासारखं पुढे जायचं आणि टाच आधी टेकवायची. तिसरं डावं पाऊल उजव्याच्या पाठोपाठ लगेच येतं, त्याच्या शेजारी पण किंचित पुढे, आणि त्याचा चवडा थोडा उजवीकडे, म्हणजे सेटरच्या दिशेने वळलेला असतो. पावलांचा आवाज ऐकला तर तो "एक, दोन, तीन" असा समान अंतराने येत नाही. "ए…क, दोनतीन" असा येतो. शेवटचे दोन आवाज जवळजवळ चिकटलेले. मी कधीकधी मुलांकडे पाठ करून उभा राहतो आणि नुसते पाय ऐकतो. कुणाचं चुकलं ते न बघता कळतं.

टाच आधी का? धावताना शरीराचा वेग पुढे असतो आणि आपल्याला तो वर वळवायचा असतो. टाच टेकली की ब्रेक लागतो, गुडघे वाकतात, आणि पुढे जाणारा जोर वरच्या उडीत जातो. चवड्यावर आलेला मुलगा थांबूच शकत नाही, तो उडतो तो थेट नेटवर. लांब उडी खेळलेली किंवा बास्केटबॉलमधून आलेली मुलं तर सवयीने एकाच पायावर उडतात आणि हवेत दीड हात पुढे जाऊन नेट छातीवर घेतात. शिकताना उडी दोन्ही पायांवरच हवी. गुडघे मात्र फार वाकवायचे नाहीत. पूर्ण बैठक मारली की वर यायला वेळ जातो आणि उजव्या-डाव्याचा तो चिकटलेला ठेका तुटतो. खुर्चीत बसायला सुरुवात करून मध्येच उठल्यासारखं, एवढंच वाकणं पुरतं.

शेवटी डावा पाय पुढे का, हेही समजून घेण्यासारखं आहे, कारण उलट्या पायाने उडणारी मुलं खूप असतात. मी स्वतः दोन वर्षं उजवा पाय पुढे ठेवून उडत होतो आणि कुणी टोकलं नव्हतं, कारण चेंडू पलीकडे जात होता. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे चेंडू फेकताना कुठला पाय पुढे असतो ते आठवा. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा. त्यामुळे उजवी कंबर आणि उजवा खांदा मागे राहतो, धड पीळ दिल्यासारखं होतं आणि तो पीळ सुटताना हाताला वेग मिळतो. उजवा पाय पुढे आला तर पीळ आधीच सुटलेला असतो. मग उरतो नुसता दंड. चेंडू जातो, पण सगळा भार खांद्यावर येतो. महिनाभर रोज मारल्यावर खांद्याचा पुढचा भाग दुखायला लागला, तर मी आधी खांदा बघत नाही, पाय बघतो.

किती अंतर लागतं? नेटपासून तीन मीटरवर आडवी रेषा असते. तिच्या किंचित मागे, कोर्टाच्या डाव्या कडेच्या जरा बाहेर उभं राहायचं आणि नेटकडे तिरकं यायचं, सरळ नाही. तिरकं आल्यामुळे सेटर आणि येणारा चेंडू दोन्ही डोळ्यांसमोर राहतात आणि मारताना समोर कोर्टाचा मोठा भाग उघडा असतो. उडी नेटपासून साधारण एक मीटरवर पडली पाहिजे, कारण हवेत शरीर थोडं पुढे सरकतंच. प्रत्येकाचं पाऊल वेगळं, म्हणून मी आकडे पाठ करायला सांगत नाही. गोलंदाज रन-अप मोजतो तसं करायचं. नेटपासून एक मीटरवर उभं राहा, नेटकडे पाठ करा, तीच तीन पावलं उलट दिशेने त्याच लयीत टाका आणि जिथे थांबाल तिथे चपलेने खूण करा. बहुतेक मुलांची खूण त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा नेटच्या जवळ निघते. म्हणजे ती आजवर उगाच जास्त लांबून धावत असतात.

आता हात. हाताची गोष्ट चेंडू मारण्यापासून सुरू होत नाही, दुसऱ्या पावलापासून होते. पहिल्या पावलाला दोन्ही हात सैल, किंचित पुढे. उजवं पाऊल झेपावतं तेव्हा दोन्ही हात सरळ मागे जातात, कमरेच्या वरपर्यंत. डावं पाऊल टेकताना हात खाली येऊन मांड्यांजवळून पुढे निघतात आणि पाय जमीन सोडतात तेव्हा दोन्ही हात जोरात वर गेलेले असतात. झोपाळा उंच न्यायला आपण अंग मागेपुढे करतो ना, तसंच काम हा झोका उडीसाठी करतो. खात्री करायची असेल तर हात पाठीमागे बांधून उडी मारून बघा, कपाळ कुठवर पोचलं त्याची भिंतीवर खडूने खूण करून घ्या. मग हात सोडून मारा. फरक लगेच दिसतो.

इथे नवशिक्याची चूक ठरलेली. त्याच्या मनात "उजव्या हाताने मारायचंय" एवढंच असतं, त्यामुळे तो धावतानाच उजवा हात कानामागे नेऊन ठेवतो आणि डावा हात बाजूला लटकत राहतो. भाला घेऊन धावल्यासारखा. उडीला हातांची मदतच होत नाही.

पाय सुटले की हात वेगळे होतात. डावा हात वर, चेंडूकडे बोट दाखवल्यासारखा. उजवा कोपर मागे आणि वर, खांद्याच्या रेषेत किंवा त्याहून थोडा उंच, तळवा सैल. मारताना सुरुवात उजव्या हाताने होत नाही, डाव्याने होते. डावा कोपर खाली बरगड्यांकडे खेचला की धड आपोआप वळतं, धडामागे उजवा खांदा, खांद्यामागे कोपर आणि सगळ्यात शेवटी पंजा. आसूड फिरवताना मूठ पुढे असते आणि टोक सगळ्यात शेवटी पण सगळ्यात वेगाने येतं, तसं. कोपर खांद्याच्या खाली राहिला की आसुडाचं काठीत रूपांतर होतं.

चेंडूला हात लावायचा तो उजव्या खांद्याच्या वर आणि साधारण एक वीत पुढे, हात जवळजवळ सरळ असताना. बोटं पसरलेली. तळव्याचा मनगटाकडचा भाग आधी लागतो आणि मनगट चेंडूवरून पुढे झुकतं. हे जमलं की चेंडू पुढच्या दिशेने गरगर फिरत जातो आणि पलीकडे पटकन खाली येतो. चेंडू न फिरता तरंगत गेला किंवा उलटा फिरला तर समजायचं की हात चेंडूच्या खालून लागला, म्हणजे चेंडू डोक्याच्या वर किंवा मागे होता. आणि तो मागे का होता? पुन्हा तेच. आपण चेंडूखाली आधीच जाऊन उभे होतो.

आता वेळेचा हिशेब एकदा नीट मांडून बघू. आमच्याकडच्या एका आठवीतल्या मुलीचं उदाहरण घेतो. उभी राहून हात वर केला की तिची बोटं 2.05 मीटरवर पोचतात. रन-अपसह उडी 40 सेंटिमीटर. म्हणजे बोटं 2.45 मीटरवर, चेंडू मारायची उंची सुमारे 2.40. महिलांच्या नेटची उंची 2.24 मीटर असते. तिच्याकडे नेटच्या वर फक्त एक वीतभर जागा आहे. (शिकवताना आम्ही नेट थोडं खाली उतरवतो, पण हिशेब पूर्ण उंचीचा करू.)

सेटर चेंडू 2.10 मीटरवरून सोडते आणि तो 5 मीटरपर्यंत वर जातो असं धरा. हवेचा अडथळा सोडून शाळेतल्या पडणाऱ्या वस्तूच्या गणितानुसार त्याला वर जायला सुमारे 0.77 सेकंद लागतात आणि 5 मीटरवरून 2.40 पर्यंत खाली यायला 0.73. म्हणजे सेट सुटल्यापासून फटक्यापर्यंत मोजून दीड सेकंद. तिला 40 सेंटिमीटर वर जायला 0.29 सेकंद लागतात. म्हणजे तिचे पाय 1.21 व्या सेकंदाला जमीन सोडायला हवेत. उजवं पाऊल उचलण्यापासून उडी सुटेपर्यंत, म्हणजे त्या "दोनतीन"ला, तिला साधारण 0.4 ते 0.45 सेकंद लागतात. वजाबाकी केली की उत्तर येतं 0.77 च्या आसपास. चेंडू अगदी माथ्यावर असतो तो क्षण.

एवढ्या गणितातून मैदानावर न्यायची गोष्ट एकच: या उंचीच्या सेटला चेंडू माथ्यावर पोचतो तेव्हा उजवा पाय निघतो. त्याआधीचं संथ डावं पाऊल चेंडू वर जाताना मंदावलेला दिसला की टाकायचं. आणि सेटरच्या हातातून सुटल्यानंतर जवळजवळ चार दशांश सेकंद नुसतं बघायचं. हा वेळ वाया जात नाही. चेंडू नेटच्या किती जवळ येणार, आत पडणार की बाहेर, हे याच वेळात कळतं आणि पहिलं पाऊल त्यानुसार वळवता येतं. लवकर निघालेल्याने दिशा आधीच ठरवून टाकलेली असते.

वेळ चुकली तर काय होतं तेही याच आकड्यांत दिसतं. समजा ती 0.2 सेकंद आधी उडाली. ती सगळ्यात उंच असते त्या क्षणी चेंडू अजून 3.60 मीटरवर आहे, तिच्या बोटांच्या मीटरभर वर. चेंडू 2.40 वर येईपर्यंत ती 20 सेंटिमीटर खाली उतरलेली असते, म्हणजे पंजा नेटच्या पट्टीखाली. आता उलट, 0.2 सेकंद उशिरा उडाली. चेंडू 2.40 वर येतो तेव्हा ती अजून 20 सेंटिमीटर खालीच आहे, वर चढतेय. नुकसान दोन्हीकडे सारखंच. म्हणून नुसता निकाल बघून, म्हणजे चेंडू नेटमध्ये गेला एवढ्यावरून, लवकर की उशीर हे सांगता येत नाही. मुलं इथेच फसतात आणि उलटा इलाज करतात. लवकर उडालेली मुलगी "अजून पटकन जायला हवं" म्हणते आणि आणखी लवकर उडते.

फरक ओळखायला मी मारणं बंद करतो आणि झेलायला लावतो. तीच तीन पावलं, तोच झोका, पण चेंडू मारायचा नाही, हवेत दोन्ही हातांनी कपाळासमोर वर पकडायचा. हात सरळ असताना, शरीर हवेत थांबल्यासारखं वाटतंय तेव्हा चेंडू हातात आला तर वेळ बरोबर. चेंडू हातात येण्याआधी आपण खाली यायला लागलो, किंवा पाय टेकल्यावर चेंडू छातीशी आला, तर लवकर उडालो. चेंडू हातावर आदळून हात मागे ढकलले गेले आणि त्यानंतरही आपण वरच जात होतो, तर उशीर झाला. त्या आठवीतल्या मुलीने पहिल्या दिवशी दहा चेंडूंपैकी सात पाय टेकल्यावर झेलले. तिला स्वतःलाच हसू आलं. तोवर तिचा ठाम समज होता की ती उशिरा पोचते.

"हवेत थांबल्यासारखं" हा निव्वळ भास नाही. कुठल्याही उडीत वरच्या एक चतुर्थांश उंचीत जवळपास अर्धा वेळ जातो. 40 सेंटिमीटरच्या उडीत वरच्या 10 सेंटिमीटरमध्ये सुमारे 0.29 सेकंद मिळतात. भारताचा नामवंत व्हॉलीबॉलपटू जिमी जॉर्ज हवेत थांबायचा असं जुने खेळाडू आजही सांगतात. हवेत कुणीच थांबत नाही, पण हा टप्पा आणि चेंडूची वेळ जुळली की बघणाऱ्याला तसंच दिसतं. नवशिक्यासाठी याचा अर्थ असा की अचूक क्षण गाठायची गरज नाही. माथ्याच्या अलीकडे-पलीकडे मिळून पाव सेकंदाची फट आहे. तेवढी सापडली तर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त उंची वाया जात नाही.

झेलणं दहापैकी सात वेळा बरोबर यायला लागलं की मी हातात टेनिस बॉल देतो. सेटर नाही, चेंडू नाही. तीन पावलं, उडी, आणि टेनिस बॉल नेटवरून पलीकडच्या तीन मीटरच्या रेषेच्या आत जमिनीवर फेकायचा. कोपर खाली असेल तर तो लांब जातो, आत पडतच नाही. ही चूक समजावत बसावी लागत नाही. त्यानंतरच खरा चेंडू आणि खरा सेट. घाई करून हे दोन टप्पे गाळले तर काय होतं ते मी माझ्यावरच बघितलंय, उलटे पाय सुटायला मला पुढचे सहा महिने लागले.

उतरणं मी थोडक्यात सांगतो, पण सोडत नाही. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून. चेंडू डाव्या खांद्याकडे किंवा डोक्यामागे गेला की मारणारा डावीकडे कलतो आणि एकट्या डाव्या पायावर उतरतो. गुडघा आत वळून दुखावतो तो बहुधा अशा वेळी. एखादी मुलगी तीन-चार वेळा एका पायावर उतरली तर मी तिला मारणं थांबवायला सांगतो आणि सेट कुठे पडतोय ते बघतो. कधीकधी चूक तिची नसते, सेटच फार बाहेर जात असतो.

आणि हे सगळं 5 मीटरच्या सेटचं आहे. सेट 4 मीटरच वर गेला तर सगळा खेळ दीडऐवजी 1.2 सेकंदांत आटपतो. मग उजवा पाय चेंडू माथ्यावर पोचायच्या थोडा आधीच निघावा लागतो आणि डावं पाऊल सेट सुटल्या सुटल्या. म्हणजे "माथा" ही खूण त्या एका उंचीपुरती. उघड्या मैदानावर वारा असला की चेंडू सरकतोही. त्यामुळे सुरुवातीचे दोन-तीन महिने एकाच सेटरकडून, एकाच उंचीचे सेट मागून घ्यायचे. मधल्या खेळाडूचे ते छोटे झटपट सेट, ज्यात मारणारा चेंडू सुटायच्या आधीच हवेत असतो, ते बघायला भारी वाटतात, पण त्यांचं वेळापत्रकच वेगळं आहे आणि ते आत्ता शिकायला गेलात तर हे बिघडतं. आमच्याकडे सेटर बदलली की मुलींना एक नियम आहे. नव्या सेटरचे पहिले चार चेंडू मारायचे नाहीत, झेलायचे.